आमचं खातं बदललंय, विश्वास ठेवू नका

'प्रिय ग्राहक, काही तांत्रिक कारणास्तव आमचे बँक खाते बदलण्यात आले आहे. यापुढील सर्व रकमा खाली दिलेल्या नवीन खात्यात तातडीने जमा कराव्यात. शंका असल्यास खालील क्रमांकावर संपर्क साधावा. तसदीबद्दल क्षमस्व.'

हे पत्र हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या पापभीरू कारखानदारानं लिहिलेलं असू शकतं आणि कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत बसलेल्या भामट्यानंही. मजकुरात काना-मात्रेचा फरक नाही. असलाच तर भामट्याचं शुद्धलेखन जरा बरं असतं. त्याचं पोटच त्या पत्रावर चालतं. आपल्याकडे ते पत्र ऑफिसातला पोरगा जेवणाच्या सुट्टीत टाइप करतो.

खातं बदलायची हौस कोणालाच नसते. पण बँका स्वस्थ बसू देत नाहीत. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया या दोन बँका बडोदा बँकेत गेल्या. पुढच्याच वर्षी, पुन्हा १ एप्रिललाच, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात आणि आंध्रा व कॉर्पोरेशन युनियन बँकेत गेल्या. (तारीख सरकारनं निवडली, विनोद माझा नाही.) नागपुरात मुख्यालय असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. ऐन महाराष्ट्र दिनी पाटीवरून विदर्भ पुसला गेला. त्यावर वेगळ्या विदर्भवाल्यांनी काय ते बोलावं.

तरी विलीनीकरण सोपं. त्यात निदान बँकच जाहिरात देते, फलक लावते, आणि बरेचदा बदलतो तो फक्त आयएफएससी कोड. खरी पंचाईत होते ती आपण आपल्या मर्जीनं बँक बदलतो तेव्हा. दुसरीकडे सीसीची लिमिट बरी मिळाली, किंवा जुन्या शाखेतल्या साहेबांनी चौथ्यांदा 'सिस्टीम डाऊन आहे' म्हणून परत पाठवलं. हे जगाला सांगणारे आपण एकटेच. आणि सांगायला गेलो की वाक्यं नेमकी भामट्याची तोंडी येतात.

ती किती महाग पडतात हे २०१५ साली मुंबईत दिसलं. ओएनजीसीनं सौदी अरामकोला नाफ्था विकला होता. माल गेला, पैसे येईनात. विचारणा केली तेव्हा अरामकोचं म्हणणं असं, की पैसे केव्हाच दिले, तुम्हीच मेल करून कळवलेल्या नव्या खात्यात. मेल ओएनजीसीची नव्हतीच. खऱ्या पत्त्यात `ongc` असतं, या पत्त्यात `ognc` होतं. दोन अक्षरांनी जागा बदलली आणि १९७ कोटी रुपये भलत्या खात्यात गेले. प्रकरण मुंबईच्या सायबर पोलिसांकडे गेलं. एका बाजूला भारताची तेल कंपनी, दुसऱ्या बाजूला जगातली सगळ्यात मोठी तेल कंपनी. दोघांकडे मिळून हिशेबनिसांची फौज असणार. त्यातल्या एकानंही जुन्या नंबरावर फोन लावून 'भाऊ, तुमचं खातं काऊन बदललं?' एवढं विचारलं नाही.

आता आपला सज्जन कारखानदार अशी बातमी वाचतो आणि ठरवतो, की आपलं पत्र संशय येणार नाही असं लिहायचं. मग तो लेटरहेडवर लिहितो. गोल शिक्का मारतो, सही करतो, सहीखाली पुन्हा चौकोनी शिक्का. 'महत्त्वाची सूचना' लाल अक्षरात. जरा हौशी असेल तर क्यूआर कोड. सगळं स्कॅन करून पीडीएफ मेलवर आणि तेच व्हॉट्सॲपवर. या खटाटोपातली एकही गोष्ट भामट्याला अवघड नाही. लेटरहेड त्याच्याकडे आहे, तुम्हीच कोटेशनसोबत पाठवलेलं. सही त्यावरच आहे. शिक्का सीताबर्डीवर तासाभरात करून मिळतो. पत्र जितकं नटवावं तितका त्याचा फायदा, कारण नटवण्यात तो तुमच्यापेक्षा वस्ताद आहे.

सगळ्यात भारी ओळ ती शेवटची: 'शंका असल्यास खालील क्रमांकावर संपर्क साधावा.' शंका ज्या कागदाची, तिचं निरसन करणारा नंबरही त्याच कागदावर. गिऱ्हाईक फोन लावतं, पलीकडून गोड आवाजात 'हो साहेब, आमचंच आहे' असं उत्तर येतं आणि गिऱ्हाईक डायरीत 'खातरजमा केली' अशी नोंद करतं. भामट्याची सही तपासायला भामट्यालाच बोलावलं, आणि वर त्याचे आभार मानले.

म्हणून विश्वास बसेल असं पत्र लिहायच्या नादाला लागूच नये. उलट करावं. भामट्याला जे लिहिणं परवडत नाही, तेवढंच लिहावं. तशी वाक्यं फार नाहीत, पण आहेत.

पहिलं वाक्य: 'घाई नाही, जुनं खातं चालू आहे, पैसे तिथे आले तरी चालतील.' हे वाक्य जगातला कुठलाही भामटा लिहू शकत नाही. लिहिलं की पैसे खऱ्या माणसाला जातात. पण ते लिहिता यावं यासाठी आधी जुनं खातं खरोखर चालू ठेवावं लागतं. इथे आपले लोक घोटाळा करतात. नवं खातं उघडलं की त्याच आठवड्यात रागारागानं जुनं बंद करतात आणि मग कोणाचे पैसे परत जायला लागले की सगळ्यांना 'तातडीने' असं लिहितात. तातडी हीच तर भामट्याची ओळख. जुन्या खात्यात जेमतेम बॅलन्स ठेवून ते सहा महिने जिवंत ठेवलं तर बँक थोडाफार चार्ज लावेल. लावू द्या. जुन्या बँकेचं कर्ज असेल तर तिच्याशी आधी बोलून घ्यावं लागेल. तेही आधीच बोला, नंतर नाही.

दुसरं वाक्य: 'या पत्रात नवा खाते क्रमांक दिलेला नाही आणि तो तुम्हाला मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर येणारही नाही.' तिसरं: 'खात्री करायची असेल तर तुमच्याकडच्या जुन्या पीओवर किंवा मागच्या वर्षीच्या बिलावर जो नंबर आहे त्यावर फोन करा, या पत्रावरच्या नाही.' भामट्यानं ही दोन वाक्यं लिहिली तर त्याचा धंदाच बसतो.

एक उदाहरण धरून चालू. हिंगण्यात इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे बनवणारी एक भागीदारी फर्म. गिऱ्हाइकं चाळीसेक, पण खरा पैसा सहा-सात जणांकडून येतो: दोन बुटीबोरीचे, एक पुण्याचा, एखादी सरकारी कंपनी, बाकी कंत्राटदार. खातं बदलायचं ठरलं. पहिली गोष्ट महिन्याची. मार्चमध्ये हा उद्योग करू नये. मार्चात अकाउंट्समधला माणूस माणसात नसतो; तो एकतर तुमचं पत्र न वाचता फाइलला लावील, नाहीतर न विचारता पैसे टाकील, आणि दोन्ही वाईट. जुलै बरा.

मे महिन्यात नवं खातं उघडायचं, पण नाव जीएसटीच्या दाखल्यावर आणि बिलावर आहे तेच, अक्षराला अक्षर. 'अँड' आणि 'ॲण्ड'चा फरकही नको. फर्मचे पैसे एका भागीदाराच्या, किंवा लाडानं वहिनींच्या नावच्या खात्यात घ्यायची जुनी खोड असेल तर ती इथेच सोडावी. बिलावर फर्म आणि खात्यावर वहिनी, हे दिसलं की कुठल्याही शहाण्या अकाउंटंटनं पैसे अडवावेत, आणि अडवले तर त्याला चहा पाजावा.

त्यानंतर आणि पत्र पाठवण्याआधी, आपल्या मेलमध्ये डोकावायचं. हा भाग लोक गाळतात. बनावट पत्ता बनवणं ही एक तऱ्हा झाली. दुसरी तऱ्हा अशी, की भामटा आधीच तुमच्या मेलमध्ये शिरून गुपचूप बसलेला असतो. मेलच्या सेटिंगमध्ये त्यानं एक नियम लावून ठेवलेला असतो: 'पेमेंट' किंवा 'इन्व्हॉइस' शब्द असलेली प्रत्येक मेल एका परक्या पत्त्यावरही जावी. तुम्हाला काही कळत नाही. तुम्ही जुलैत खातं बदलणार हे तुमच्या गिऱ्हाइकांइतकंच त्यालाही कळतं, आणि तुमच्या पत्राच्या दोन दिवस आधी त्याचं पत्र पोचतं. तेही खऱ्या पत्त्यावरून, जुन्या पत्रव्यवहाराच्या खालीच जोडून. तेव्हा फॉरवर्डिंगचे आणि फिल्टरचे नियम उघडून पाहायचे, अनोळखी पत्ता दिसला तर काढायचा, पासवर्ड बदलायचा, दुहेरी पडताळणी चालू करायची. दहा मिनिटांचं काम आहे. पुतण्या करून देतो.

जूनमध्ये पहिलं पत्र, बिनआकड्याचं. वर सांगितलेली तीन वाक्यं आणि बदलाची तारीख, एवढंच. ते अकाउंट्सला जाईलच, पण ज्या खरेदीवाल्या माणसाशी रोजचं बोलणं आहे त्यालाही पाठवायचं, म्हणजे दोन टेबलांवर एकच गोष्ट कळते. दुसरं पत्र आकड्यांचं, आणि ते हातानं. रद्द केलेला चेक, ज्यावर फर्मचं नाव बँकेनंच छापलेलं आहे, सोबत बँकेचं खातं असल्याचं पत्र. बुटीबोरीला माणूस जाईल, पुण्याला कुरियर. सरकारी कंपनीचा बहुधा स्वतःचा मँडेट फॉर्म असतो, त्यावर बँकेची सही-शिक्का लागतो. तिथे आपली हुशारी न दाखवता फॉर्म भरावा.

पत्र पोचल्यावर गिऱ्हाइकानं जुन्या नंबरावर फोन करायचा. इथे एक बारीक खोच आहे. गिऱ्हाईक विचारतं, 'खातं अमुक अमुक, शेवटी ४४७१, बरोबर ना?' आणि पलीकडून कोणीही 'हो हो' म्हणतं. तपासणी झाली असं दोघांना वाटतं, झालेली नसते. आकडे गिऱ्हाइकानं वाचायचे नाहीत. फर्मच्या माणसानं न विचारता शेवटचे चार आकडे सांगायचे आणि गिऱ्हाइकानं ते हातातल्या चेकशी ताडून पाहायचे.

मग एक रुपया. एक रुपया टाकून बघायची पद्धत आता सगळीकडे आहे आणि ती चांगली आहे, पण तीही अर्धीच पाळली जाते. रुपया गेला, 'सक्सेस' आलं, झालं. अहो, भामट्याच्या खात्यातही रुपया सक्सेसच होतो. त्याचं खातं बनावट नसतं, फक्त तुमचं नसतं. एकाऐवजी सतरा रुपये टाका, तेवीस टाका, आणि जुन्या नंबरावर फोन करून विचारा, 'भाऊ, आज किती आले?' आकडा बरोबर सांगितला तर पुढचं बिल टाका.

'पण बँक नाव बघत नाही का?' हा प्रश्न नागपुरात कुठेही विचारा, रिझर्व्ह बँकेच्या चौकातसुद्धा, लोक म्हणतील, बघतच असेल ना. नाही बघत. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे निव्वळ खाते क्रमांकावर जमा होतात असं रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०१० मध्येच स्पष्ट केलं होतं. नावाच्या रकान्यात तुम्ही वाट्टेल ते लिहा. पुढे ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकानं बँकांना सांगितलं, की पैसे पाठवण्याआधी समोरच्या खात्याचं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, आणि तीही फुकट. म्हणजे आज गिऱ्हाइकाला नवा क्रमांक आणि आयएफएससी टाकून नाव पाहता येतं; नेट बँकिंगवर नाही जमलं तर शाखेत जाऊन. तुमच्या पत्रात ही ओळ जरूर घाला: 'नाव तपासल्यास फर्मचं नाव जसंच्या तसं दिसेल.' फर्मचं नाव अक्षराला अक्षर ठेवायला म्हणूनच सांगितलं.

तरी नाव जुळलं म्हणून निश्चिंत होऊ नये. लिथुएनियाच्या एका गृहस्थानं तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या कंपनीच्याच नावाची कंपनी लॅटव्हियात रजिस्टर केली, तिच्या नावानं बँकेत खाती उघडली आणि २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुककडून दहा कोटी डॉलरहून अधिक काढले. नाव अगदी बरोबर होतं. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्या कंपन्या आपल्याला 'तुम्ही रोबो नाही ना?' असं विचारतात त्यांनी बिल पाठवणाऱ्याला 'तुम्ही तेच ना?' असं विचारलं नव्हतं. फोनला पर्याय नाही, तो यामुळे.

आपल्या बाजूनं आणखी एक ढिलाई होते. पत्रं गेली, फोन झाले, आणि जुलैचं पहिलं बिल टॅलीतून निघालं त्याच्या तळाशी जुनंच खातं. मग अकाउंट्समधल्या माणसानं काय मानायचं, पत्र की बिल? तो दोन्ही बाजूला ठेवतो. बदलाच्या तारखेला बिल, कोटेशन, प्रोफॉर्मा या सगळ्यांचे साचे एकदम बदलायचे आणि दोन-तीन महिने बिलावर एक ओळ ठेवायची: 'खाते १ जुलैपासून बदलले आहे, पुन्हा बदलाचे पत्र आल्यास ते आमचे नाही असे समजून फोन करावा.' कारण एकदा बदलाची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा बदल पटवणं भामट्याला फार सोपं जातं.

आता गिऱ्हाइकांकडे वळू, त्यांना मोकळं सोडणं बरं नाही. एवढं सगळं नीट केल्यावर पलीकडून काय ऐकू येतं? 'भाऊ, तुमचं खातं बदललं ना, व्हेरिफिकेशन चालू आहे.' ऑगस्टमध्ये चालू. दिवाळीत चालू. ज्या व्हेरिफिकेशनला एक फोन आणि सतरा रुपये लागतात ते तिमाहीभर चालतं. हेच लोक परवापर्यंत भलत्याच पत्त्यावरून आलेल्या मेलवर तासाभरात पैसे सोडत होते; दक्षता त्यांना नेमकी आपलं बिल थकलेलं असताना सुचते. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, आणि मुदतीत न दिले तर तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच धरता येतो. खातं बदललं म्हणून ते दिवस थांबत नाहीत. पण कायदा सांगत बसायचीही गरज नाही. जुनं खातं चालू ठेवलं आहे ना? मग हसून म्हणायचं, 'चालू द्या व्हेरिफिकेशन, साहेब. तोवर जुन्यात टाका.' यावर पलीकडे जी शांतता पसरते, तिच्यासाठी सहा महिन्यांचे बँक चार्जेस स्वस्त आहेत.

आणि इतकं करूनही कोणी भलत्या खात्यात पैसे टाकलेच, तर चूक कोणाची हा वाद नंतर घाला. पुरवठादार म्हणेल, मला मिळाले नाहीत, देणं उभं आहे. गिऱ्हाईक म्हणेल, तुमच्याच नावानं मेल आली होती. हा वाद वर्षानुवर्षं टिकतो, पैसे मात्र तासांत खात्याखात्यांतून फिरून बाहेर पडतात. आधी १९३० ला फोन, आपल्या बँकेला फोन आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठलं तरच काही हाती लागतं.

संपादकांसाठी एक निवेदन: या सदराच्या मानधनाचं खातं बदललेलं नाही. जुन्याच खात्यात टाकावं. व्हेरिफिकेशनचीही गरज नाही.